नळ बंद करून भाडेकरूला घराबाहेर काढता येते का?

भाडेकरू घर सोडत नसेल तर त्याचे पाणी तोडणे हा घरमालकाचा हक्क आहे, विशेषतः भाडे थकलेले असेल तर, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती अशी की, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २९ नुसार अत्यावश्यक पुरवठा, म्हणजे पाणी, वीज, जिन्यातील दिवे, सफाई इत्यादी, योग्य व पुरेशा कारणाशिवाय मालकाला तोडता किंवा रोखून धरता येत नाही. थकबाकीसाठी कलम १५ मध्ये वेगळी वाट आखून दिलेली आहे : लेखी मागणीची नोटीस द्यावी, ९० दिवस थांबावे आणि त्यानंतरच ताब्याचा दावा लावावा. मालकाने स्वतः हात न लावता पाणीपट्टी मुद्दाम थकवली आणि त्यामुळे स्थानिक संस्थेने जोडणी तोडली, तरी ते रोखून धरणेच ठरते. ही पळवाट कायद्याने आधीच बुजवलेली आहे.

हा कायदा राज्यातील प्रत्येक गावाला लागू आहे, हा दुसरा गैरसमज तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशासारख्या ग्रामपंचायतीच्या गावात महागात पडू शकतो, कारण अधिनियम केवळ त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता आहे. म्हणून अर्ज लिहिण्यापूर्वी अनुसूची पाहावी लागते. क्षेत्र तिच्याबाहेरचे असले तरी भाडेकरू निराधार नसतो, कारण मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ त्याला जागेचा निर्वेध उपभोग देते. मात्र हे संरक्षण भाडे भरणाऱ्या आणि करार पाळणाऱ्यालाच असल्याने येथे थकबाकी खरोखरच अडचणीची ठरते.

निकाल लागेपर्यंत वर्षे जातील, मग अर्ज कशाला, ही समजूतही अपुरी आहे. कलम २९ खाली न्यायालयाला चौकशी पूर्ण होण्यापूर्वीच अंतरिम आदेश देऊन, ठरावीक तारखेच्या आत पाणी सुरू करण्यास मालकाला सांगता येते. अनुसूचीबाहेर दिवाणी दाव्यात आज्ञार्थक मनाई हुकूम, म्हणजे विशिष्ट कृती करण्याचाच आदेश, मागावा लागतो. शहादा तालुक्यातील प्रकाशाच्या भाडेकरूने हा अर्ज शहादा येथील दिवाणी न्यायालयात करावयाचा असतो.

समजा, नळजोडणी मालकाच्या नावावर असून गच्चीवरील टाकीतून भाडेकरूकडे येणारा व्हॉल्व्ह त्याने बंद केला, आणि विचारले असता 'गावालाच पाणी नाही' असे उत्तर दिले. अशा वेळी त्याच नळवाहिनीवरील शेजाऱ्यांकडे पाणी येत असल्याचे त्यांचे निवेदन, बंद व्हॉल्व्हचे तारखेसह छायाचित्र, पाणी पूर्वी मिळत होते हे दाखवणाऱ्या पावत्या आणि ग्रामपंचायतीला दिलेल्या तक्रारीची पोच ही कागदपत्रे निर्णायक ठरतात, कारण पुरवठा आधी उपभोगात होता आणि तो मालकाकडूनच तुटला, या दोन्ही गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. लेखी करार नसणे अडसर ठरत नाही. उलट अधिनियमाच्या अनुसूचींतील क्षेत्रात करार नोंदवण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावरच टाकली असून, तो नसल्यास विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

कायद्याची दुबळी बाजू दंडाची आहे : आदेश न पाळणाऱ्या मालकाला दररोज जास्तीत जास्त १०० रुपये दंड होतो, जो आज एका टँकरच्या खर्चापुढेही किरकोळ वाटतो, मूळ उल्लंघनाबद्दल मात्र दोषसिद्धीनंतर तीन महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो.