गोषवारा निम्मा करताना कात्री कुठे लावावी?

परिषदेसाठी गोषवारा लिहून होतो, आणि मग सूचनापत्रक नीट वाचताना लक्षात येते की शब्दमर्यादा आपल्या मजकुराच्या जेमतेम निम्मी आहे. अर्ज भरायची मुदत संपत आलेली असते, म्हणून हाताला येईल तिथे कात्री चालते. ती बहुधा चुकीच्या जागी चालते, कारण काय काढावे याविषयीच्या आपल्या काही समजुती मुळातच चुकीच्या आहेत.

एक खरे उदाहरण घेऊ. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल 1948 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. खालच्या गोषवाऱ्यातले आकडे त्याच अहवालातले आहेत. भाषा मात्र माझी आहे, आणि ती परिषदांच्या पुस्तिकांत आढळते तशी मुद्दाम सैल ठेवली आहे. शब्द आहेत 112.

“क्षयरोग हा जगभर मृत्यूचे एक प्रमुख कारण असून त्यावर परिणामकारक औषधाची नितांत गरज आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे नवे औषध उपयुक्त ठरू शकेल असे वाटल्याने प्रस्तुत अभ्यासात त्याचा परिणाम तपासण्याचा प्रयत्न करण्यात आला. दोन्ही फुप्फुसांत वेगाने पसरणारा क्षय असलेल्या 107 तरुण रुग्णांची निवड करण्यात आली. यादृच्छिक आकड्यांच्या आधारे त्यांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. 55 जणांना विश्रांतीबरोबर स्ट्रेप्टोमायसिन देण्यात आले, तर 52 जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. क्ष-किरण चित्रे गट माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासली. सहा महिन्यांअखेर मिळालेले निष्कर्ष अत्यंत उत्साहवर्धक होते. औषध घेतलेल्यांपैकी 4 जण दगावले, तर दुसऱ्या गटातले 14 जण दगावले. चित्रांत लक्षणीय सुधारणा अनुक्रमे 28 व 4 जणांत दिसली. यावरून स्ट्रेप्टोमायसिन उपयुक्त असल्याचे दिसून येते. या दिशेने अधिक संशोधन होणे आवश्यक आहे.”

गैरसमज 1: प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द काढले की झाले.

वस्तुस्थिती: असे कातरल्याने थोडीफार बचत होते, पण निम्मे अंतर कापले जात नाही. शिवाय सगळीच वाक्ये सारखी लंगडी होतात. आधी पूर्ण वाक्ये जायला हवीत. इथे पहिले वाक्य 14 शब्दांचे आहे आणि क्षयरोग परिषदेत बसलेल्या श्रोत्याला ते काहीच नवे सांगत नाही. दुसऱ्यातल्या 17 शब्दांतून कामाचे एवढेच उरते की औषधाचा परिणाम तपासला. ‘निष्कर्ष उत्साहवर्धक होते’ हे वाक्य निष्कर्ष सांगत नाही, तो येत असल्याची वर्दी देते. तेही गेले.

त्यानंतर शब्दांकडे वळावे. मराठी संशोधनलेखनात सर्वांत जास्त जागा खाणारी सवय म्हणजे ‘करण्यात आले’. ‘रुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली’ याचे ‘रुग्ण दोन गटांत विभागले’ असे केले, तर दोन शब्द वाचतात आणि वाक्य सरळ होते. अशी चार-पाच वाक्ये प्रत्येक गोषवाऱ्यात सापडतात.

गैरसमज 2: जागा नसेल तर पद्धत गाळावी, लोकांना निष्कर्षातच रस असतो.

वस्तुस्थिती: निष्कर्षावर विश्वास बसतो तो पद्धतीमुळे. वरच्या मजकुरातून ‘यादृच्छिक आकड्यांच्या आधारे’ हे तीन शब्द काढून पाहा. 4 आणि 14 हे आकडे तेच राहतील, पण वाचकाच्या मनात लगेच शंका येईल: डॉक्टरांनी जगण्याची शक्यता असलेल्यांनाच औषध दिले नसेल कशावरून? ही शंका मिटावी म्हणूनच संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी या चाचणीत गटवाटणी यादृच्छिक आकड्यांवर सोपवली आणि ती मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवली. क्ष-किरण चित्रे पाहणाऱ्यांना रुग्णाचा गट माहीत नव्हता, तेही याच कारणाने.

पण म्हणून सगळी पद्धत ठेवायची असे नाही. लिफाफे गेले तरी चालतील. रोज दोन ग्रॅम औषध सहा-सहा तासांनी चार वेळा टोचले, हा तपशील भाषणात सांगता येतो. कसोटी सोपी आहे: हा तपशील वेगळा असता तर निष्कर्षाबद्दल संशय आला असता का? आला असता, तर तो राहतो. यादृच्छिक चाचण्यांच्या गोषवाऱ्यांसाठी 2008 साली ‘कन्सॉर्ट’ची वेगळी यादी निघाली. तिच्यातही गटवाटणी कशी केली आणि गट कोणापासून लपवला, हे मुद्दे आहेत.

गैरसमज 3: आकडे जागा अडवतात; ‘लक्षणीय घट’ म्हटले की पुरे.

वस्तुस्थिती: आकडा एका शब्दाची जागा घेतो. ‘अत्यंत उत्साहवर्धक’ या दोन शब्दांच्या जागेत ‘4’ आणि ‘14’ दोन्ही मावतात. फक्त गटातली एकूण संख्या सुटू देऊ नये. 55 पैकी 4 आणि 52 पैकी 14 हे कळले, की सुमारे 7 आणि 27 टक्के हा हिशेब वाचक स्वतः करतो. दोन्ही छापायची गरज नाही. उलट ‘मृत्यू सुमारे पाऊण हिश्श्याने घटले’ एवढेच लिहिले, तर ते किती रुग्णांवरून म्हटले आहे हे कळायला मार्ग राहत नाही.

गैरसमज 4: शेवट ‘अधिक संशोधन आवश्यक’ असा हवा, मर्यादा मात्र जागेअभावी गाळता येते.

वस्तुस्थिती: नेमके उलटे करावे. ‘अधिक संशोधन’ हे सात शब्दांचे वाक्य कुठल्याही अभ्यासाला चिकटवता येते. या चाचणीची खरी मर्यादा वेगळी होती. औषध घेतलेल्या अनेक रुग्णांतले जंतू काही आठवड्यांत स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले. लांबलचक गोषवाऱ्यात ही गोष्टच नव्हती. पुढे पॅस हे औषध जोडीला देऊन पाहिले गेले आणि त्या चाचणीचे निकाल 1950 साली आले, त्यामागे हीच अडचण होती. वाचवलेल्या जागेतले सात शब्द तिच्यासाठी खर्च केले आहेत.

आता तोच गोषवारा 61 शब्दांत:

“दोन्ही फुप्फुसांत वेगाने पसरणाऱ्या क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनचा परिणाम तपासला. 107 तरुण रुग्ण यादृच्छिक आकड्यांनी दोन गटांत विभागले: 55 जणांना विश्रांती व औषध, 52 जणांना फक्त विश्रांती. क्ष-किरण चित्रे गट माहीत नसलेल्या तज्ज्ञांनी तपासली. सहा महिन्यांत औषधाच्या गटात 4, दुसऱ्या गटात 14 मृत्यू झाले; चित्रांत लक्षणीय सुधारणा अनुक्रमे 28 व 4 जणांत दिसली. औषध उपयोगी ठरले. अनेकांतले जंतू मात्र त्याला दाद देईनासे झाले.”

क्ष-किरण चित्रांविषयीची दोन्ही वाक्ये शब्दन् शब्द तशीच राहिली आहेत, कारण त्यांत काढण्याजोगे काही नव्हते. सगळीकडे सारखी कात्री लावली असती, तर त्यांनाही विनाकारण इजा झाली असती.

पाठवण्यापूर्वी कापलेला गोषवारा तुमच्या विषयाबाहेरच्या एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि कागद बाजूला ठेवून चार प्रश्न विचारा: अभ्यास कोणावर केला, तुलना कशाशी केली, गट कसे पाडले, किती फरक पडला? चारही उत्तरे आली, तर कापाकापी थांबवा. एखादे अडले, तर तो तपशील परत आणा आणि त्याची जागा दुसऱ्या एखाद्या विशेषणाकडून वसूल करा.