बिलाची बेरीज शेवटी तपासा

पुरवठादाराचं बिल टेबलावर आलं की बहुतेक क्लार्क आधी खालची रक्कम बघतात आणि कॅल्क्युलेटर ओढतात. बिलं संगणकावर निघू लागल्यापासून साध्या बेरजेची चूक क्वचितच सापडते. चूक असते ती त्या बेरजेत काय घेतलं यात. म्हणून पहिल्या तपासणीचा क्रम उलटा ठेवावा. आधी जीएसटी क्रमांक पाहावा, कारण कोणता कर लागणार याचा पहिला अंदाज त्यावरून येतो. मग तारीख, कारण कराचा दर आणि क्रेडिटची मुदत तिच्यावर ठरते. आकडेमोड सगळ्यांत शेवटी.

जीएसटी क्रमांक पंधरा जागांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे : महाराष्ट्र २७, गोवा ३०, गुजरात २४, कर्नाटक २९. पुढच्या दहा जागांत त्या व्यापाऱ्याचा पॅन असतो, म्हणजे पाच अक्षरं, चार अंक आणि पुन्हा एक अक्षर. तेराव्या जागेवर त्याच पॅनवर त्या राज्यात घेतलेल्या नोंदणीचा क्रम येतो, चौदाव्या जागेवर सहसा Z असतो आणि पंधरावी जागा आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेली असते. ही रचना लक्षात असली की अर्धी तपासणी नुसत्या नजरेने होते. पॅनच्या पहिल्या पाच जागांत शून्य दिसलं तर ते O असणार, आणि पुढच्या चार अंकांच्या जागी S दिसला तर तो ५ असणार. पुसट छपाईचं बिल कोणी हाताने टाइप केलं की नेमक्या याच चुका होतात.

पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. P म्हणजे व्यक्ती, C म्हणजे कंपनी, F म्हणजे भागीदारी संस्था. वर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ छापलंय आणि पॅनमध्ये चौथं अक्षर P आहे, असं दिसलं तर तिथेच थांबावं.

नमुन्यादाखल 27ABCDE1234F1Z0 हा क्रमांक घ्या. जागा बरोबर पंधरा, राज्य महाराष्ट्र, शेवटचं शून्यही हिशेबाला बरोबर उतरतं. तरीही तो खोटा आहे, कारण पॅनच्या चौथ्या जागी D हे अक्षर येतच नाही. शेवटच्या जागेचं गणित टायपिंगची चूक पकडतं, लबाडी पकडत नाही. त्यासाठी नवा पुरवठादार आला की जीएसटीच्या पोर्टलवर Search Taxpayer मध्ये क्रमांक टाकावा आणि तीन गोष्टी वाचाव्यात : नाव बिलावरच्या नावाशी जुळतं का, नोंदणी Active आहे का, आणि करदात्याचा प्रकार कोणता. प्रकार Composition असेल तर त्या व्यापाऱ्याला ग्राहकाकडून कर वसूलच करता येत नाही, त्यामुळे त्याच्या बिलावर जीएसटीची ओळ असायला नको. जुन्या पुरवठादाराचंही अधूनमधून बघावं, कारण चालू नोंदणी रद्द होऊ शकते.

एक क्रमांक तपासायचा हमखास राहतो, तो म्हणजे आपला स्वतःचा. पुरवठादाराने तो चुकीचा टाकला की त्याने भरलेला कर आपल्या GSTR-2B मध्ये दिसत नाही, आणि पुढे क्रेडिट अडतं.

आता तारीख. बिलाची तारीख एकटी वाचू नये, तिच्या शेजारी खरेदी आदेश आणि गेट रजिस्टरची तारीख ठेवावी. मालाचं बिल माल निघताना किंवा त्याआधी व्हायला हवं. गेटवर माल ३ एप्रिलला उतरला आणि बिल ५ एप्रिलचं आहे, असं असेल तर विचारणा करावी. बिल ३१ मार्चचं आणि माल एप्रिलमधला असेल तर त्यात चूक असेलच असं नाही, पण खर्च कोणत्या वर्षात धरायचा हे वरिष्ठांनी ठरवायचं असतं.

दर बदलतो तेव्हा तारीख जास्तच महत्त्वाची होते. कोरुगेटेड खोक्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्यानंतर निघालेल्या मालाच्या बिलावर १२ टक्के दिसले तर बिल परत जायला हवं. माल आधीचा आणि बिल नंतरचं असेल तर नियम वेगळा लागतो, तो निर्णय क्लार्कने स्वतः घेऊ नये.

तारखेच्या जोडीने बिल क्रमांक बघावा. तो जास्तीत जास्त सोळा जागांचा असतो आणि एका आर्थिक वर्षात एका पुरवठादाराकडून दोनदा येता कामा नये. तेच बिल ईमेलने एकदा आणि कुरिअरने एकदा आलं की दुहेरी पेमेंट होतं. इनवर्डच्या शिक्क्याने ते थांबत नाही, कारण दोन्ही कागदांवर वेगवेगळा शिक्का बसतो. ते पुरवठादार आणि क्रमांक यांच्या जोडीनेच कळतं.

उरली आकडेमोड. नाशिकच्या एका कारखान्याने बोल्टचे ४० बॉक्स ६५० रुपयांनी मागवले, ५ टक्के सूट ठरली, वाहतूक ८०० रुपये. बिल असं आलं : माल २६,०००, वाहतूक ८००, त्यावर १८ टक्के कर ४,८२४, एकूण ३१,६२४, वजा सूट १,३००, देय ३०,३२४. यातली बेरीज, वजाबाकी, टक्केवारी सगळं बिनचूक आहे. तरी बिल चुकलेलं आहे. आधी ठरलेली आणि बिलावरच दाखवलेली सूट कर लावण्यापूर्वी वजा व्हायला हवी. २६,००० मधून १,३०० गेले की २४,७००, त्यात वाहतूक मिळवून करपात्र रक्कम २५,५००, कर ४,५९० आणि देय ३०,०९०. फरक २३४ रुपये, म्हणजे बरोबर सुटीच्या रकमेवरचा १८ टक्के कर.

याच बिलावर पुरवठादाराचा क्रमांक २४ ने सुरू होत असेल आणि माल थेट गुजरातहून नाशिकला आला असेल, तर ४,५९० रुपये एकाच ओळीत आयजीएसटी म्हणून हवेत. सीजीएसटी २,२९५ आणि एसजीएसटी २,२९५ अशी फोड दिसली तर देय रक्कम तीच राहूनही बिल चुकीचं ठरतं. सेवांच्या बाबतीत मात्र नुसत्या राज्याच्या अंकांवर जाऊ नये. सुरतच्या हॉटेलने खोलीभाड्यावर तिथला सीजीएसटी-एसजीएसटी लावला तर ते योग्यच आहे.

टेबलाच्या काचेखाली ठेवायची यादी एवढीच :

१. दोन्ही जीएसटी क्रमांक : पंधरा जागा, राज्य, पॅन, नाव, नव्या पुरवठादाराची पोर्टलवर खात्री.
२. बिल क्रमांक : या वर्षी याच पुरवठादाराकडून आधी आलाय का?
३. बिलाची तारीख : खरेदी आदेश आणि गेट रजिस्टरशी जुळते का, त्या दिवशीचा दर कोणता?
४. नग, एकक आणि दर : खरेदी आदेशाप्रमाणे, दर नगाचा की बॉक्सचा?
५. सूट करापूर्वी वजा, वाहतूक करपात्र रकमेत.
६. करपात्र रक्कम गुणिले दर. कराचा प्रकार योग्य. अंकी आणि अक्षरी रक्कम एकच.

चूक सापडली तरी बिलावर पेनने दुरुस्ती करू नका. पुरवठादाराच्या विवरणपत्रात जुनाच आकडा राहतो आणि आपला हिशेब त्याच्याशी जुळत नाही. हरकत वेगळ्या कागदावर लिहा, पुरवठादाराकडून दुरुस्त बिल किंवा क्रेडिट नोट मागवा आणि तोवर ते बिल पेमेंटच्या गठ्ठ्यात जाऊ देऊ नका.