टँकरच्या वेळापत्रकाची तीन वर्षे

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येऊ लागले. शहराची मुख्य भिस्त पवना धरणावर. तिथून नदीत सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यावर उचलतात. हे संकट दोन-चार महिन्यांचे नाही, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना कळत होते. तरीही टँकर मात्र टाकी रिकामी झाली, आरडाओरडा झाला की मगच मागवला जाई. २०२२ च्या उन्हाळ्यात मी कमिटीला पत्र लिहिले, त्याला आता तीन वर्षे होऊन गेली. त्यातले काय टिकले, काय नाही, ते नोंदवून ठेवावेसे वाटते.

पत्रात तक्रार थोडी होती, हिशोब जास्त होता. आमच्या तीन विंगमध्ये मिळून तीनशे माणसे. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर दोन दिवसांना ८१ हजार लिटर लागतात. नळाचे पाणी मीटरप्रमाणे सरासरी ५२ हजार येई. म्हणजे दर दोन दिवसांना २९ हजारांची तूट, अर्थात दहा हजारी तीन टँकर. तेवढे टँकर तेव्हाही येत होते, पण वेळ चुकत होती.

नळाला पाणी पहाटे पाच ते आठ. आदल्या रात्री घाबरून टँकर मागवला, की खालची टाकी पहाटे अर्धी भरलेली असायची. नळ सुरू झाला की ती लवकरच काठोकाठ भरे, बॉलकॉक बंद होई आणि महापालिकेचे स्वस्त पाणी बाहेरच राही. त्या दिवशीचा मीटर पाहिला की आकडा नेहमीपेक्षा बराच कमी दिसायचा. पैसे मोजून आणलेल्या पाण्याने आम्ही हक्काचे पाणी अडवत होतो. म्हणून पत्रात सुचवले की नळाच्या दिवशी टँकर नको. कोरड्या दिवशी तीन यावेत, शेवटचा दुपारी चारच्या आत. पहाटे पाचला खालची टाकी जवळजवळ रिकामीच हवी. यात धास्ती होती, कारण एखाद्या पहाटे पाणी आलेच नाही तर? त्यासाठी वरच्या टाक्या रात्री भरून ठेवायच्या, हा तोडगा कमिटीने काढला आणि तो चांगला ठरला.

दुसरा भाग वाटपाचा. ए विंग मोटरजवळ, तिचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा. सी विंगच्या वाट्याला उरलेसुरले. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या बायका सकाळी बादल्या घेऊन खाली येत, हे पाहवत नसे. पत्रात मी विंगनिहाय माणसे मोजली होती: १२०, १०० आणि ८०. मोटर मिनिटाला अडीचशे लिटर चढवते, म्हणून रोज एला ६५, बीला ५४ आणि सीला ४३ मिनिटे, सकाळ-संध्याकाळ विभागून. आणि पहिला व्हॉल्व्ह कुणाचा हे दर आठवड्याला बदलायचे. सीची पाइपलाइन लांब असल्याने तिथे पाणी कमी चढते, हे पहिल्याच महिन्यात दिसले. तेव्हापासून वॉचमन घड्याळाबरोबर वरच्या टाकीची पातळीही बघतो आणि सीला काही मिनिटे जास्त देतो.

सर्वात तापलेली सभा पैशांवर झाली. माणसांप्रमाणे पाणी, तर बिलही माणसांप्रमाणे, असे एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचे म्हणणे होते आणि त्यात तथ्य होते. पण आदर्श उपविधींत पाणी आकार सदनिकेतल्या नळांची संख्या आणि आकार यांवर आहे. कमिटीने तोच नियम टँकरलाही लावला. मला तो निर्णय कायद्याला धरून वाटतो, पण पुरता न्याय्य नाही. सदनिकानिहाय मीटर बसेपर्यंत हा वाद मिटणार नाही.

पत्रातली एक लहान सूचना सर्वात उपयोगी पडली. खालची टाकी पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. म्हणजे दहा हजार लिटर ओतले की पातळी पन्नास सेंटिमीटर वाढायलाच हवी. टाकीत खुणा केलेली पट्टी सोडली, टँकर रिकामा होईस्तोवर मोटर बंद ठेवली. पहिल्याच आठवड्यात एका टँकरला पातळी ४२ सेंटिमीटरच वाढली, म्हणजे ८,४०० लिटर. पुरवठादाराला वही दाखवली. त्याने रस्त्यात सांडल्याचे सांगितले. दुसऱ्यांदा तसेच झाल्यावर कमिटीने तेवढे पैसे कापले. मग पातळी पन्नासच्या आसपास येऊ लागली.

मे महिन्यात मात्र वेळापत्रक अजूनही कोलमडते. सगळ्या परिसराची मागणी एकदम वाढते, दुपारी चारचा टँकर रात्री दहाला येतो आणि पहाटेचे नळाचे पाणी पुन्हा अडते. अशा रात्री टँकर परत पाठवायचा की उतरवून घ्यायचा, याचा अधिकार सध्या एकट्या सेक्रेटरींकडे आहे. वरच्या टाक्या निम्म्याहून जास्त भरलेल्या असतील तर परत पाठवावा, असा ठराव पुढच्या सभेसाठी दिला आहे.