दोनशे की दोनशे दोन?

विहिरीचे पाणी जड आहे का, याची तपासणी कॉलेजच्या प्रयोगशाळेतही होते. पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला ईडीटीए नावाचे रसायन पकडून ठेवते. पाण्यात अमोनिया बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी घातले की लालसर रंग येतो. मग ब्युरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचे आणि रंग स्वच्छ निळा झाला की थांबायचे. भारतीय मानक १०५०० (२०१२) प्रमाणे पिण्याच्या पाण्याचे काठिण्य, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते.

आता एका नमुन्याचे आकडे घेऊ. आधी ईडीटीएची नेमकी तीव्रता काढावी लागते. त्यासाठी ०.२५३७ ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट थोड्या आम्लात विरघळवून २५०.० मिलिलिटर द्रावण केले. या द्रावणाच्या २५.०० मिलिलिटरला ईडीटीए २४.६५ मिलिलिटर लागले. नंतर विहिरीचे ५०.०० मिलिलिटर पाणी घेतले. ब्युरेटचे सुरुवातीचे वाचन ०.२० होते, शेवटचे १०.००. म्हणजे लागले ९.८० मिलिलिटर.

या वजाबाकीकडे नीट पाहा. १०.०० मध्ये चार सार्थक अंक आहेत, पण उत्तरात तीनच उरले. वजाबाकीत दशांशस्थळे मोजायची असतात आणि दोन्ही वाचने शतांशापर्यंतच आहेत. गुणाकार-भागाकारात मात्र सर्वांत कमी सार्थक अंक असलेली संख्या उत्तराची मर्यादा ठरवते. इथे ती ९.८० आहे, म्हणून अंतिम उत्तर तीन अंकी. (वहीत नुसते ९.८ लिहिले तर एक अंक फुकट जातो. तो शून्य आपण ब्युरेटवर खरोखर वाचलेला असतो.)

उत्तर तीन अंकी आहे हे कळले की बरेच विद्यार्थी प्रत्येक पायरीला तीनच अंक ठेवतात. तसे करून पाहू. ०.२५३७ ला १००.०९ या मोलर वस्तुमानाने आणि ०.२५०० लिटरने भागले की ०.०१०१३८९ मोल प्रति लिटर येते, छाटून ०.०१०१. त्यावरून ईडीटीएची तीव्रता ०.०१०२४, ती पुन्हा छाटून ०.०१०२. आता पाण्याचा हिशोब. मोल प्रति लिटरला मिलिलिटरने गुणले की मिलिमोल मिळतात, मिलिमोलला १००.०९ ने गुणले की मिलिग्रॅम, ते ५०.०० मिलिलिटर पाण्यातले असतात, म्हणून ५०.०० ने भागून १००० ने गुणले की लिटरमागचा आकडा. हा १००० व्याख्येनेच अचूक आहे, तो सार्थक अंकांच्या मोजणीत धरत नाहीत. उत्तर येते २००. पाणी मर्यादेत.

आता तेच आकडे, पण मधे काहीही न छाटता: ईडीटीएची तीव्रता ०.०१०२८२८, काठिण्य २०१.७, म्हणजे तीन अंकांत २०२. पाणी मर्यादेबाहेर.

तफावत कुठून आली? दोन्ही वेळा छाटणी खालच्या बाजूला झाली आणि प्रत्येक वेळी सुमारे ०.४ टक्के गेले. मिळून ०.८ टक्के, म्हणजे लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून अधिक. ब्युरेटच्या वाचनात ०.०५ मिलिलिटरची चूक धरली तरी ती ०.५ टक्केच. उपकरणाने केली नसती एवढी मोठी चूक कागदावर झाली. एक छाटणी वर आणि दुसरी खाली गेली असती तर ती योगायोगाने झाकलीही गेली असती, म्हणूनच ही सवय लवकर पकडली जात नाही.

वहीत मधले आकडे दोन-तीन अंक जास्त ठेवून लिहावेत आणि शेवटच्या सार्थक अंकाखाली रेघ मारावी. कॅल्क्युलेटरमध्ये मात्र पूर्ण संख्याच पुढे न्यावी. याहून चांगले म्हणजे, सगळा हिशोब एककांसह एका ओळीत मांडावा:

२५३.७ मिग्रॅ × (२५.०० मिलि ÷ २५०.० मिलि) × (९.८० मिलि ÷ २४.६५ मिलि) × (१००० मिलि/लिटर ÷ ५०.०० मिलि) = २०१.७ → २०२ मिग्रॅ/लिटर

कंसातले मिलिलिटर एकमेकांना छेदून जातात आणि शेवटी मिग्रॅ/लिटर उरते. दुसरे काही एकक उरले, तर कुठेतरी भागायच्या जागी गुणले गेले आहे असे समजावे. आणखी एक गोष्ट या ओळीत दिसते: १००.०९ गायब आहे. प्रमाण द्रावणही कॅल्शियम कार्बोनेटचे आणि उत्तरही त्याच हिशोबात, म्हणून मोलर वस्तुमान एकदा भागले जाते आणि एकदा गुणले जाते. पायरीपायरीने जाणारा विद्यार्थी ज्या तीव्रता छाटत बसतो, त्या काढायची इथे गरजच नव्हती.

तरीही २०२ आल्यावर लगेच 'मर्यादेबाहेर' असा शिक्का मारू नये. ०.५ टक्के म्हणजे इथे लिटरला एक मिलिग्रॅम. २०२ आणि २०० यांत फारसे अंतर नाही. अशा वेळी ५० ऐवजी १०० मिलिलिटर पाणी घेऊन अनुमापन पुन्हा करतात. ईडीटीए १९.६ मिलिलिटरच्या आसपास लागते, वाचनात चार सार्थक अंक मिळतात आणि ब्युरेटच्या चुकीचा वाटा निम्मा होतो.