नळ आला का?

हॅकेथॉन हा शब्द आता आपल्या घरांतूनही ऐकू येऊ लागला आहे. ‘हॅक’ आणि ‘मॅरेथॉन’ यांचा हा संकर. १९९९ च्या जूनमध्ये कॅनडातल्या कॅल्गरी शहरी ओपनबीएसडी या संगणकप्रणालीवर काम करणारी दहाजण मंडळी एकत्र बसली, ते या प्रकारच्या पहिल्या मेळाव्यांपैकी एक. हॅक म्हणजे इथे चोरी नव्हे, तर हाताशी असेल त्यातून केलेली झटपट जुळणी. चोवीस-छत्तीस तास एका सभागृहात बसायचे, एक अडचण निवडायची आणि तिच्यावरचा चालता-बोलता तोडगा परीक्षकांपुढे ठेवायचा.

अशा ठिकाणी पुष्कळजण एकटेच येतात आणि त्यांचे संघ तिथल्या तिथे बनतात. एकमेकांची आडनावे कळतात न कळतात तोच नोंदणीचा पहिला रकाना समोर उभा राहतो : संघाचे नाव! वधूवरांची नजरभेट व्हायच्या आत बारशाची घाई व्हावी, तसला हा प्रकार.

एका महाविद्यालयातल्या हॅकेथॉनला मला भाषेचा सल्लागार म्हणून बोलावले होते. माझ्या वाट्याला आलेल्या टेबलाशी एक नागपूरची मुलगी, एक हैदराबादचा मुलगा, साताऱ्याकडचा वीज-अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि चित्रकला शिकणारी एक मुंबईकर, असे चौघे अनोळखी बसले होते. अडचण त्यांनी नेमकी निवडली होती. उपनगरांत पाणी दिवसातून एकदाच येते, पण त्याला वेळेचा नेम नाही. ते भरून ठेवण्यासाठी कोणाला तरी घरी थांबावे लागते. आणि ते ‘कोणी तरी’ म्हणजे बहुधा घरातली बाई.

पहिले नाव निघाले ‘जलदूत’. मी विचारले, “हे ऐकून परक्या माणसाला काय वाटेल?” धरण, टँकर, फुटलेली नळी, काहीही वाटेल! नाव भारदस्त होते, पण अडचण त्यात कुठेच नव्हती. मग साताऱ्याच्या मुलाने ‘पाणीघंटा’ सुचवले. नळीत एक सेन्सर बसवायचा, पाणी आले की त्याचे चक्र फिरणार आणि घरोघरच्या फोनवर घंटा वाजणार. मला हे आवडले होते; पण तासाभराने तोच डोके खाजवीत म्हणाला, “सर, पाण्याआधी नळीतनं हवा सुटते. चक्र हवेनंसुद्धा फिरतं.” म्हणजे पाणी नाही आणि घंटा मात्र घणघणते आहे! अखेर सेन्सर बाजूला पडला. ज्याच्याकडे पाणी येईल त्याने एक मिस्ड कॉल द्यायचा आणि त्या गल्लीतल्या सर्वांना निरोप जायचा, असे ठरले. तोडगा बदलला, तशी घंटाही गेली. पहिल्या रात्रीत तोडगे असे दोनदा-तीनदा बदलतात. अडचण सहसा बदलत नाही. तेव्हा नाव अडचणीवरूनच ठेवावे हे बरे.

मुंबईकर मुलगी म्हणाली, “‘दमयंती’ ठेवू या का? तीसुद्धा नळाचीच वाट पाहत होती!” मराठीचा मास्तर या नात्याने मी मनापासून हसलो. हैदराबादचा मुलगा मात्र हसला नाही. “सर, आम्हांला तीन मिनिटं मिळणार. त्यातलं एक ही कोटी समजावण्यात जाईल.” त्याचे बरोबर होते.

तेवढ्यात नागपूरच्या मुलीने घरी फोन लावला आणि पलीकडून उचलताच विचारले, “आई, नळ आले का?” टेबलाभोवती क्षणभर शांतता पसरली. नाव सापडले होते. पुणेरी-मुंबई वळणाप्रमाणे ‘आले’चे ‘आला’ झाले, तेवढ्यावरून थोडी हुज्जत झाली, इतकेच.

खरी गंमत पुढे झाली. गिटहब या संकेतस्थळावर कामाची पेटी उघडताना तिचे नाव रोमन अक्षरे, अंक आणि मोजक्याच चिन्हांत द्यावे लागते. तिथे देवनागरी चालत नाही. त्यांनी लिहिले `nal-ala-ka`. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलाला ते मुद्दाम वाचायला दिले, तर त्याने खणखणीत आवाजात पुकारले, “नल अलका!” कोणा बाईंचेच नाव वाटले. मग `nal-aala-ka` झाले, आणि नोंदणीच्या कागदावरही तसेच लिहिले. कारण एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरे स्पेलिंग पडले, की यादीत आपलाच संघ आपल्याला सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी नाव पुकारताच परीक्षकांतल्या एक बाई पटकन म्हणाल्या, “आमच्याकडे साडेपाचला आला!” सभागृह हसले. अडचण समजावण्यात संघाचा एक क्षणही गेला नाही. तिन्ही मिनिटे तोडग्याला मिळाली. मग त्याच बाईंनी विचारले, “पण पहिला फोन करणारी तरी घरी थांबायलाच हवी ना?” मुलांनी पाळीपाळीने थांबण्याची योजना सांगितली. बाईंनी मान हलवली. त्यांना ते फारसे पटलेले दिसले नाही. बक्षीस दुसऱ्या टेबलाला गेले.