बिलाची तारीख आणि पैशाची तारीख

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. तिथे मशीन दुरुस्तीचं काम होतं. 10 मे 2025 रोजी पुण्यातल्याच एका कंपनीला 40,000 रुपयांचं बिल गेलं, मुदत 45 दिवस. 18 टक्के दराने 3,600 सीजीएसटी आणि 3,600 एसजीएसटी, एकूण 47,200. हेच बिल बेळगावच्या कंपनीला गेलं असतं, तर पूर्ण 7,200 आयजीएसटीच्या रकान्यात बसले असते.

हा फरक ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक सांगतात. 27 म्हणजे महाराष्ट्र. समजा D मध्ये क्रमांक, E मध्ये करपात्र रक्कम आणि F मध्ये दर आहे. मग सीजीएसटी आणि आयजीएसटीची सूत्रं अशी:

```
=IF(LEFT(D2,2)="27",ROUND(E2*F2/2,2),0)
=IF(LEFT(D2,2)="27",0,ROUND(E2*F2,2))
```

एसजीएसटीला पहिलंच सूत्र चालतं. 27 भोवतीची अवतरणचिन्हं मात्र विसरू नयेत. ती नसतील तर तुलना जुळत नाही आणि सगळी बिलं आयजीएसटीत जातात.

आता तारखा पाहा. मुदत 24 जूनला संपते. पण दरमहा रिटर्न भरणाऱ्याला मे महिन्याचा कर 20 जूनपर्यंत भरावा लागतो. म्हणजे ग्राहकाची मुदत संपण्याआधीच, खरेदीवरचं क्रेडिट वजा जाऊन उरलेला कर मालकाच्या खिशातून गेलेला असतो. म्हणून नोंदवहीत देय तारीख, जमा, टीडीएस आणि बाकी हे रकाने हवेतच.

टीडीएसचा रकाना बरेच जण गाळतात. या कंपनीने जीएसटी सोडून 40,000 वर 2 टक्के, म्हणजे 800 रुपये कापले आणि 20,000 दिले. खरी बाकी 26,400 उरते. रकाना नसेल, तर पूर्ण पैसे आल्यावरही ते 800 वर्षभर थकबाकीत दिसत राहतात आणि नव्वद दिवसांपुढचा गट अशा किरकोळ रकमांनी भरतो. खरा थकबाकीदार त्यात दिसेनासा होतो.

उशिराचे दिवस देय तारखेपासून मोजायचे. K मध्ये देय तारीख, N मध्ये बाकी आणि R1 मध्ये महिनाअखेरची तारीख ठेवली, तर:

```
=IF(N2>0,MAX(0,$R$1-K2),0)
```

31 जुलैला उत्तर येतं 37. ही बाकी 31 ते 60 दिवसांच्या गटात जाते. त्याआधी मुदतीतली आणि 1 ते 30 दिवसांची बाकी, पुढे 61 ते 90 आणि नव्वदच्या वरची. सगळ्या गटांची बेरीज बाकीच्या एकूण रकमेशी जुळलीच पाहिजे. इथे #VALUE! दिसलं, तर बहुधा कुणीतरी तारीख 10.05.2025 अशी ठिपके देऊन लिहिलेली असते आणि संगणक तिला मजकूर समजतो.

आणखी एक तारीख या नोंदवहीत असावी, बिलापासून 180 दिवसांची. इथे ती 6 नोव्हेंबर आहे. तोवर पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या रकमेपुरतं घेतलेलं क्रेडिट ग्राहकाला व्याजासह परत करावं लागतं. ऑक्टोबरात वसुलीचा फोन करताना ही तारीख ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला सांगावी.