विमान रद्द झालं, तर नेमके कोणते पैसे मागायचे?

समजा, पुण्याहून रात्री 8.40ला नागपूरला जाणारं तुमचं विमान आहे. संध्याकाळी पाचला मोबाइलवर निरोप येतो की ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ विमान रद्द झालं असून उद्या दुपारच्या विमानात जागा आहे, मान्य असेल तर खालच्या लिंकवर क्लिक करा. घाईघाईत बहुतेक जण तिथेच क्लिक करतात आणि भरपाईचा हक्क अनेकदा तिथेच अडचणीत येतो.

विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या नियमानुसार विमान रद्द होणार असेल, तर कंपनीने दोन आठवडे आधी कळवायला हवं. त्यानंतर, पण किमान 24 तास आधी कळवलं, तर ठरलेल्या वेळेपासून दोन तासांच्या आत सुटणारं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पैसे द्यायला हवेत. हेही पाळलं नाही, तर प्रवाशाला मान्य असेल असं दुसरं विमान द्यायचं, नाहीतर तिकिटाचे पूर्ण पैसे आणि वर भरपाई. म्हणून उद्याचं विमान तुमच्या कामाचं नसेल तर ते स्वीकारू नका आणि तसं ईमेलने लगेच कळवा. एकदा स्वीकारलंत की कंपनी नियमावर बोट ठेवून भरपाई नाकारू शकते.

भरपाई प्रवासाच्या वेळेवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, दोन तासांपर्यंत 7,500 आणि त्यापुढे 10,000 रुपये. मात्र मूळ भाडं अधिक इंधन आकार यांची बेरीज याहून कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. पुणे-नागपूर उड्डाण सुमारे दीड तासाचं, म्हणजे मर्यादा 7,500. पण 5,600 रुपयांच्या तिकिटात मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून 4,300 असतील, तर परताव्याखेरीज हातात पडतील 4,300च.

विमान रद्द न होता नुसतं रखडलं, तर या नियमात रोख भरपाई नाहीच. दोन तासांनंतर (लांबच्या उड्डाणांना तीन-चार तासांनंतर) खाणंपिणं, देशांतर्गत विमानाला सहा तासांहून जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा परतावा, आणि रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं विमान सहा तासांहून अधिक लांबलं तर हॉटेल. माझ्या मते ही नियमातली मोठीच उणीव आहे. सकाळची मुलाखत हुकलेल्या माणसाला सँडविच देऊन त्याचं नुकसान भरून निघत नाही.

इथे ग्राहक आयोगाचा उपयोग होतो. ग्राहक संरक्षण कायदा इतर कायद्यांच्या जोडीने चालतो, त्यामुळे सेवेतली त्रुटी सिद्ध झाली तर डीजीसीएच्या तक्त्याबाहेरचं नुकसानही मागता येतं. वरच्या उदाहरणातला प्रवासी सकाळच्या कामासाठी रातोरात टॅक्सीने नागपूरला गेला असेल, तर टॅक्सीची पावती, मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च हे सगळं मागणीत येतं. पावती नसलेला खर्च मात्र सहसा टिकत नाही.

कंपनीचा ठरलेला बचाव म्हणजे ‘कारण आमच्या हाताबाहेरचं होतं’. खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, पूर, संप अशा कारणांना भरपाईतून सूट आहे. त्यामुळे खरं भांडण कारणावरच होतं. निरोपात ‘ऑपरेशनल’ म्हटलं आणि नंतर लेखी उत्तरात हवामान आलं, तर ही विसंगती तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. म्हणून निरोपाचा स्क्रीनशॉट काढा, काउंटरवर कारण लेखी मागा आणि त्याच तासात त्याच विमानतळावरून बाकीची विमानं सुटत होती का, हे फलकाचा फोटो काढून ठेवा. रेल्वेच्या उशिराच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021मध्ये म्हटलं होतं की उशीर का झाला, हे पुराव्यानिशी दाखवणं रेल्वेचं काम आहे. विमान कंपनीकडून कारण मागताना त्या निकालाचा दाखला देता येतो.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, नंतर एअरसेवा पोर्टल किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यातून सुटलं नाही, तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा आयोगात जा. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. सेवेसाठी मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. तिकीट एखाद्या ट्रॅव्हल पोर्टलवरून काढलं असेल, तर दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर परताव्यासाठी ते एकमेकांकडे बोट दाखवत राहतात.

नोटीस गेल्यावर कंपनीला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 मिळतात. याच काळात अनेकदा तडजोडीचा फोन येतो. कंपनीने पुढच्या प्रवासाचं व्हाउचर पुढे केलं, तर पैसे खात्यात हवेत असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. आणि ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या कागदावर सही करायची असेल, तर त्यात परतावा, भरपाई आणि टॅक्सीचा खर्च असे तिन्ही आकडे वेगवेगळे लिहिलेत का, हे सहीआधी पाहा.